खोडलेली ओळ

बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरचा परीक्षक म्हणून गेलं की सॉल्ट अॅनालिसिसचे कागद ठराविक चालीने तपासले जातात. टेस्ट, ऑब्झर्वेशन, इन्फरन्स असे तीन कॉलम असतात आणि शेवटी कॅटायनचं नाव असतं. बहुतेक परीक्षक आधी शेवट बघतात. नाव बरोबर असेल तर वरच्या ओळींवरून पेन घसरत जातं. मुलांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तीही कागद खालून वर भरतात.

त्या दिवशीच्या बॅचमध्ये लेड नायट्रेट होतं. हे ओळखायला सोपं. कोरड्या परीक्षानळीत तापवलं की तडतडतं, तांबूस तपकिरी वायू सुटतो आणि तळाशी पिवळसर अवशेष राहतो. इथेच हुशार मुलगा मनात ‘लेड’ म्हणतो आणि पुढच्या ओळी पाठांतरातून उतरवतो: डायल्यूट एचसीएल घातल्यावर पांढरा अवक्षेप, ग्रुप वन प्रेझेंट. कोणत्या रसायनाने अवक्षेप बसतो यावरून कॅटायनचे हे ग्रुप पाडलेले असतात. एका टेबलावरच्या चार कागदांत तर स्पेलिंगची चूकही तीच होती.

पाचव्या कागदावर मात्र वेगळंच होतं. त्यातलं ओएस म्हणजे सॉल्ट पाण्यात विरघळवून केलेलं मूळ द्रावण. ‘ओएस + डायल्यूट एचसीएल: अवक्षेप नाही. ग्रुप वन अॅबसेंट.’ पुढे हायड्रोजन सल्फाइडने काळा अवक्षेप, ग्रुप टू प्रेझेंट. काळा अवक्षेप निम्म्या ताकदीच्या नायट्रिक अॅसिडमध्ये गरम करून विरघळवला, द्रावण बिनरंगी, म्हणजे कॉपर नाही. त्यात डायल्यूट सल्फ्युरिक अॅसिड आणि अल्कोहोल, पांढरा अवक्षेप. खात्रीच्या चाचण्या ओएसवर: पोटॅशियम आयोडाइडने पिवळा, पोटॅशियम क्रोमेटने पिवळा. लेड कन्फर्म्ड. आणि मध्येच, ग्रुप वनच्या ओळीखाली, एक वाक्य लिहून खोडलेलं: ‘काही वेळाने नळीत पांढऱ्या चमकदार सुया.’

त्या सुया खोट्या असणं शक्यच नव्हतं. पाठ केलेल्या उत्तरात त्या या जागी येत नाहीत. स्टँडवर ती नळी अजून होती. तळाशी लेड क्लोराइडचे सुईसारखे स्फटिक, उजेडात धरले की लखलखणारे.

“ओएस कसं केलंस?”

“पाणी गरम करून, सर. लवकर विरघळावं म्हणून.”

“आणि ही ओळ का खोडली?”

“ग्रुप वनचा अवक्षेप लगेच येतो ना, सर. हा उशिरा आला.”

सगळं कोडं इथे सुटतं. लेड नायट्रेट गार पाण्यातही सहज विरघळतं, तापवायची गरजच नाही. लेड क्लोराइड मात्र तापमानावर फार अवलंबून आहे. 20 अंशांना 100 मिलिलिटर पाण्यात ते साधारण 1 ग्रॅम विरघळतं, उकळत्या पाण्यात त्याच्या तिपटीहून जास्त. द्रावण गरम आणि पातळ असेल तर एचसीएल घालूनही ते खाली बसत नाही. पुढच्या पायरीला लेड सल्फाइड मात्र बसतंच, कारण त्याची विद्राव्यता अतिशय कमी. म्हणूनच तक्त्यांत लेड दोन्ही ग्रुपांत दिसतं. जास्त कॉन्सन्ट्रेटेड एचसीएल ओतलं तरी असंच होतं: क्लोराइडचं प्रमाण वाढून लेडचा विद्राव्य कॉम्प्लेक्स होतो आणि आलेला अवक्षेपही नाहीसा होतो.

मी त्याला उरलेलं ओएस नळाखाली गार करून पुन्हा थेंब थेंब डायल्यूट एचसीएल घालायला सांगितलं. दाट पांढरा अवक्षेप लगेच आला. तापवल्यावर गेला, गार होताना सुया परतल्या.

सहपरीक्षकांचं मत ठाम होतं: “ग्रुप चुकला, दोन्ही मार्क कापा.” मला ते पटलं नाही. ‘अवक्षेप नाही’ हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं सत्य होतं. चुकलं ते ‘अॅबसेंट’ हे अनुमान, आणि ते चुकलं कारण त्याने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा पुस्तकावर जास्त विश्वास ठेवला. शेवटी ऑब्झर्वेशनचा मार्क दिला, इन्फरन्सचा कापला. त्या चार एकसारख्या कागदांना मात्र पूर्ण मार्क मिळाले, कारण त्यांनी काय पाहिलं हे सिद्ध करायला हाताशी काहीच नव्हतं. हा हिशेब मला अजून जमलेला नाही.

एक किरकोळ पण उपयोगी गोष्ट त्याच्या कागदात आणखी होती. आयोडाइडची टेस्ट त्याने ओएसवर केली, नायट्रिक अॅसिडवाल्या द्रावणावर नाही. अनेक जण तिथे फसतात: उरलेलं अॅसिड आयोडाइडचं आयोडीन करतं, नळी तपकिरी होते, आणि मुलं ‘पिवळा’ असंच लिहून मोकळी होतात.

माझ्या कॉलेजातल्या जर्नलमध्ये आता टेस्टच्या कॉलमात द्रावण गार की गरम हे लिहायला लावतो, आणि ग्रुप वनची नळी न ओतता शेवटपर्यंत स्टँडवर ठेवायला. लेडचं द्रावण सिंकऐवजी वेगळ्या बाटलीत जातं ते वेगळंच.