सहा रुपयांचं इन्स्टॉल आम्हाला कितीला पडलं

आमचं ॲप एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेच्या सराव चाचण्यांचं आहे. आम्ही तिघं, ऑफिस पुण्यात. पहिल्या तीन चाचण्या फुकट, पूर्ण संच ७९९ रुपयांना. ॲप अँड्रॉइडवरच आहे, कारण आमची बहुतेक मुलं तेच फोन वापरतात. पहिल्यांदा जाहिरातीवर पैसे घालायचे ठरले तेव्हा मी एकच आकडा डोळ्यांसमोर ठेवला होता, एका इन्स्टॉलचा खर्च.

पैसे दोन ठिकाणी लावले. एका जाहिरात नेटवर्कने सहा रुपयांत एक इन्स्टॉल देऊ असं सांगितलं होतं, तिथे ३०,००० रुपये. गूगलच्या ॲप कॅम्पेनमध्ये एका इन्स्टॉलला किती देऊ अशी बोली ठेवून ३६,०००. महिनाअखेर नेटवर्ककडून ५,००० इन्स्टॉल आले, गूगलकडून १८ रुपये दराने २,०००. मी नेटवर्कचा खर्च दुप्पट करायला निघालो होतो. हिशेब सांभाळणारी माझी मावसबहीण म्हणाली, “अरे, सहा रुपयांत माणूस आला म्हणतोस, पण तो थांबला का?”

मग ॲपच्या वापराच्या नोंदी ठेवणाऱ्या फायरबेसमध्ये त्या दोन्ही गटांचा दिवसवार तक्ता काढला. नेटवर्कच्या ५,००० जणांपैकी दुसऱ्या दिवशी ४०० जण परत आले आणि सातव्या दिवशी ६०. गूगलच्या २,००० पैकी सातव्या दिवशी ३०० जण ॲप उघडत होते. नेटवर्कच्या गटात ॲप पहिल्यांदा उघडल्याच्या `first_open` नोंदीनंतर काही तासांतच ते काढून टाकल्याच्या `app_remove` नोंदींची रांग लागलेली दिसली, आणि ॲप उघडं राहण्याचा वेळ बहुतेकांचा जवळपास सारखाच, पाऊण मिनिटाच्या आत. दुसऱ्या एखाद्या ॲपमध्ये नाणी मिळावीत म्हणून लोक आमचं ॲप उतरवून घेत होते आणि नाणी जमा झाली की काढून टाकत होते. ही माणसं खरी होती, पण त्यांना परीक्षेशी काही देणंघेणं नव्हतं.

तरी त्या गटातून पाच जणांनी संच विकत घेतला होता. त्याचं कोडं उलगडायला जास्त वेळ लागला. प्ले स्टोअरच्या इन्स्टॉल रेफररमधून जाहिरातीवरच्या क्लिकची वेळ आणि इन्स्टॉल सुरू झाल्याची वेळ, दोन्ही मिळतात. माणूस जाहिरात दाबून ॲप घेतो तेव्हा या दोन वेळांत साधारण मिनिटा-दोन मिनिटांचं अंतर असतं. या पाचपैकी चौघांचं अंतर कित्येक तासांचं निघालं. म्हणजे त्यांच्या फोनवर क्लिकची नुसती नोंद टाकून ठेवली होती, आणि ते पुढे आपण होऊन आले तेव्हा श्रेय नेटवर्कला गेलं. खात्री करायला आपोआप येणाऱ्या इन्स्टॉलचा आलेख पाहिला. एरवी दिवसाला साठच्या आसपास येत, कॅम्पेनच्या दिवसांत ते चाळीसवर आले होते आणि कॅम्पेन बंद करताच पुन्हा साठवर गेले. आमच्याच मुलांचे पैसे आम्ही भरत होतो. याचा मला खरंच राग आला.

आता राहिलं गूगलचं कॅम्पेन. तिथे ३० दिवसांत २६ जणांनी संच घेतला, म्हणजे एक ग्राहक १,३८५ रुपयांना पडला. रिपोर्टमध्ये प्रत्येक खरेदीसमोर ७९९ दिसतात, पण जीएसटी आणि प्लेचं १५ टक्के शुल्क वजा केलं की आमच्या हातात साधारण ५६० उरत. ही वजाबाकी कागदावर मांडेपर्यंत आम्ही ७९९ धरूनच नफ्याची गणितं करत होतो.

इन्स्टॉलसाठी बोली लावली की यंत्रणा इन्स्टॉल करणारी माणसं शोधते, आणि सहज इन्स्टॉल करणारी माणसं सहज काढूनही टाकतात. म्हणून बोली ॲपमधल्या कृतीवर लावायची ठरवलं. सरळ `in_app_purchase` म्हणजे खरेदीच निवडावी तर आमच्याकडे दिवसाला एक खरेदीही होत नव्हती. निवडलेली कृती रोज किमान दहा वेगवेगळ्या लोकांनी केलेली असावी असा गूगलचाच सल्ला आहे, नाहीतर यंत्रणेला शिकायला काही मिळतच नाही. खरेदीच्या आधी घडणारी, पुरेशा वेळा घडणारी आणि खरेदीशी घट्ट जोडलेली अशी कृती हवी होती.

आम्ही त्या २,००० जणांच्या नोंदी चाळल्या. पहिली चाचणी तर बरेच जण उत्सुकतेपोटी देतात, त्यावरून काही कळेना. पण तीन दिवसांच्या आत दुसरी चाचणी पूर्ण सोडवणारे ३३० जण होते आणि २६ खरेदीदारांपैकी २२ त्यांच्यातले. उरलेल्या १,६७० मधून फक्त चौघं. पहिल्या चाचणीत मार्क कमी पडूनही जो दुसरी सोडवायला बसतो, तो मनापासून अभ्यास करणारा असतो. दिवसाला ११ नोंदी, म्हणजे उंबरठ्याच्या जरा वर. `second_test_done` नावाने ती कृती नोंदवली आणि बोली तिच्यावर लावली.

पहिले दहा दिवस कठीण गेले. इन्स्टॉलचा दर ६० रुपयांपर्यंत चढला आणि खरेदी जवळजवळ नव्हती. कॅम्पेन बंद करावं असं रोज वाटे. पण आधीच्या गटात निम्म्या खरेदी बाराव्या दिवसानंतर झाल्या होत्या, तेव्हा इतक्यात निकाल लावण्यात अर्थ नव्हता. हळूहळू दर उतरत गेला आणि सरासरी ४० वर स्थिरावली. ४०,००० रुपयांत १,००० इन्स्टॉल आले. त्यातल्या ५०० जणांनी दुसरी चाचणी पूर्ण केली, म्हणजे ती कृती १०९ वरून ८० रुपयांवर आली. सातव्या दिवशी २९० जण टिकून होते.

तिसाव्या दिवशी ४१ खरेदी, एक ग्राहक ९७६ रुपयांना. तोटाच. पण ही मुलं सोडून जात नव्हती, म्हणून तोच गट ९० दिवस पाहिला. तोवर संच ५८ जणांनी घेतला होता आणि ३६ जणांनी २९९ रुपयांचा चालू घडामोडींचा संच, ज्यातून हातात साधारण २१० येतात. बेरीज ४०,०४० रुपये. इन्स्टॉलमागे ४० रुपये घातले होते ते तीन महिन्यांनी वसूल झाले, वर काही उरलं नाही. हे कळल्यावर खर्चाची मर्यादाही आपोआप ठरली. तीन महिने अडकून राहिले तरी पगार थांबणार नाहीत एवढेच पैसे एका वेळी लावायचे.

मग याच बोलीवर दुसरा गट आणला, पण तो पूर्वपरीक्षेच्या तीन आठवडे आधी. सातव्या दिवशीचा टिकाव आधीच्यापेक्षा सरस दिसला आणि आम्ही खूश झालो. तिसाव्या दिवशी मात्र जवळपास कुणी नव्हतं, कारण मधे परीक्षा होऊन गेली होती. फुकटच्या चाचण्या सगळ्यांनी सोडवल्या, पण तीन आठवड्यांसाठी ७९९ कोण देणार? हा दोष कॅम्पेनचा नव्हता, आम्ही दोन गट परीक्षेपासून वेगवेगळ्या अंतरावर असताना त्यांची तुलना करत होतो.

आता तक्त्यात प्रत्येक गटासमोर इन्स्टॉलच्या तारखेशेजारी ‘परीक्षेला किती दिवस’ असा रकाना आहे. शेवटच्या महिन्यात कॅम्पेन बंद ठेवतो आणि ते पैसे पुढच्या परीक्षेची जाहिरात निघाल्याच्या आठवड्यासाठी राखतो. मावसबहीण दर सोमवारी ९० दिवस पूर्ण झालेल्या गटाची बेरीज मांडते, आणि इन्स्टॉलचा दर तिच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यात असतो.