अख्खं पत्र उतरवून का देतो

"जुन्या पत्राचा नुसता फोटो येतो, खाली एक शब्द नसतो. मग तुम्ही अख्खं पत्र कशाला उतरवत बसता? काय लिहिलंय ते दोन ओळींत सांगा की!"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पूर्वी मीही दोन ओळींतच सांगायचो आणि लोक खूश असायचे. हौस म्हणून कुणी जुन्या पत्रांतल्या 'कांहीं', 'नाहीं' यांवरचे अनुस्वार जपत नाही.

एका गृहस्थांनी आजोबांचं पत्र पाठवलं होतं. शके १८७४, आश्विन वद्य, म्हणजे १९५२ चा ऑक्टोबर. घरच्या ग्रुपवर त्याचा सारांश आधीच फिरला होता: 'धाकट्या भावाने १२११ रुपये घेतले, आणि जमीन विकू नका असं आजोबांनी बजावलं.' दोन घरांत बोलणं बंद झालं होतं. मी ओळ न् ओळ उतरवली. पत्रात होतं, 'मनिऑर्डरीनें रु. १२॥ पोंचले.' म्हणजे साडेबारा रुपये. आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आण्यांच्या काळात सर्रास असंच लिहीत. आकड्याला चिकटलेल्या त्या दोन रेघा कुणीतरी अकरा म्हणून वाचल्या होत्या. सारांशात ही चूक कुणालाच दिसली नसती, कारण तिथे मूळ आकडाच उरत नाही.

दुसरी ओळ मात्र अडली. 'जमीन विकूं', मग कागदाची घडी, मग 'असें माझें मत.' घडीत 'नये' गेलं की 'या'? बाजूने तिरपा उजेड पाडून पुन्हा फोटो मागवला. घडीवरचा कागद झिजून शाईसकट गेलेला. मी चौकटी कंसात दोन्ही शक्यता लिहून पाठवल्या. गृहस्थ चिडले. "एक काय ते सांगा ना!" त्यांना 'नये' हवं होतं. मी दिलं नाही. ते आता फोन उचलत नाहीत, आणि त्या कंसाचा आधार घेऊन दोन्ही घरं आपापलं खरं करतात असं ऐकतो. तरी मी तो कंस काढणार नाही.

भाषांतराचं म्हणाल, तर देवनागरी म्हणजे मराठीच असं नाही. हिंदी, कोकणी, नेपाळीही असते. म्हणून वर एक ओळ लिहितो: भाषा कोणती, कुणी कुणाला, केव्हा. पाठवणाऱ्याचे आधीचे निरोप इंग्रजीत असतील तर उतरवलेल्याखाली भाषांतर जोडतो, त्याच्या जागी नाही.

आणि हो, माथ्यावर 'श्री' नसलेलं पत्र आलं की माझा नियम मीच मोडतो. ती बहुधा कुणी गेल्याची बातमी असते. तेव्हा आधी फोन करून तेवढंच सांगतो, उतरवलेलं मागाहून. अशी पत्रं वाचून फाडून टाकायची आपल्याकडे रीत होती. कुणीतरी ते ठेवलं, म्हणजे शब्द न् शब्द द्यावा की नाही, यावर माझं मलाच पटलेलं नाही.