आजोबांच्या काशीयात्रेची वही: पान ३१ ते ३८ चे फोटो पुन्हा काढावे लागतील

मामा,

टायपिंगसाठी वहीच्या फोटोंची पहिली खेप पोचली. पहिली तीस पानं सरळ आहेत, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वाट अडते ती प्रयागच्या खर्चाच्या पानांवर, म्हणजे ३१ ते ३८. मावशी दुसऱ्या वहीचे फोटो काढणार असेल तर ही चिठ्ठी तिलाही वाचायला द्या.

घात केला तो स्कॅनर ॲपनं. 'काळं-पांढरं' केलं की पान छापल्यासारखं स्वच्छ दिसतं, म्हणून सगळे तेच सुचवतात. टायपिंगसाठी ते बाद समजा. त्यात पानाचा प्रत्येक ठिपका एक तर काळा होतो, नाही तर पांढरा. उडालेली निळी शाई पांढऱ्यात जाते आणि समासाची लाल रेघ मात्र काळी होऊन बसते.

पान ३३ च पाहा. वही १९५७ च्या आधीची, रुपये-आण्यांच्या हिशेबाची. आजोबा सव्वा रुपया १। असा लिहितात, दीड १॥ आणि पावणेदोन १॥। असा. पंड्याची दक्षिणा समासाच्या रेघेला खेटून लिहिली आहे. ॲपमध्ये ती १॥ वाचली जाते. खाली बेरीज ३। आहे. नावेचा दीड रुपया, फुलं-प्रसादाचा अर्धा आणि दक्षिणा दीड धरली तर साडेतीन होतात, सव्वातीन नाही. म्हणजे दुसरा दंड शाईचा नाही, ती समासाची रेघ आहे. रंगीत फोटोत हे एका नजरेत कळलं असतं. बेरीज सगळ्याच पानांवर नाही, त्यामुळे हा आधार दरवेळी मिळणार नाही.

दुसरी अडचण अनुस्वारांची. 'घाटावर' आणि 'घाटांवर' यांत फरक एका टिंबाचा. शिवाय आजोबांचं लेखन १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचं, 'नाहीं', 'कांहीं' असं. ते जसंच्या तसं टाइप करायचंय. कागदावर तपकिरी डाग भरपूर आहेत. रंग असेल तर शाई आणि डाग वेगळे कळतात, रंग गेला की प्रत्येक डाग अनुस्वार होतो. तेव्हा फोनचा साधा कॅमेरा वापरा आणि फोटोवर कुठलीही सजावट करू नका.

वही खिडकीजवळच्या टेबलावर ठेवा. उजेड बाजूनं यावा, पण ऊन थेट पानावर नको. डोक्यावरचा दिवा बंद करा, नाही तर फोनची आणि हाताची सावली नेमकी ओळींवर पडते. फ्लॅश तर नकोच, त्यानं शाई चमकते आणि मधली अक्षरं पुसल्यासारखी होतात.

एका फोटोत एकच पान घ्या, त्याच्या चारही कडा दिसू द्या. फोन पानाला समांतर धरा. तिरका धरला तर लांबची कड धूसर येते. मजकुराच्या मध्यावर बोट टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना हात हलला तरी चालतं. वही सपाट दाबू नका, शिवण तुटेल. उघडलेल्या पुठ्ठ्याखाली टॉवेलची घडी सरकवा. आधी सगळ्या उजव्या पानांचे फोटो काढा, मग वही फिरवून डाव्यांचे; दरवेळी टॉवेल हलवावा लागत नाही. पण मग क्रम विस्कटतो, म्हणून पानाचा आकडा लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवा. वहीवर आकडा घालू नका. पातळ पानांवर मागची अक्षरं उमटलेली दिसतात. अशा पानामागे काळा कागद सरकवला की ती दबतात. घरात नसेल तर काळं कापडही चालेल, फक्त सुरकुत्या नसलेलं.

आता पाठवणं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो टाकला की तो आक्रसून पोचतो, लांब बाजूला साधारण १६०० ठिपके उरतात. वहीचं पान १३ इंच उंच, म्हणजे इंचाला जेमतेम १२०. अर्ध्या मिलिमीटरच्या अनुस्वाराच्या वाट्याला दोन-तीन ठिपके येतात, त्यातून टिंब की धूळ हे कळत नाही. मूळ फोटोत तेच टिंब सहा ठिपक्यांचं असतं. म्हणून क्लिपच्या खुणेवर जाऊन Document निवडा आणि त्यातून फोटो पाठवा. HD चं बटण आधीपेक्षा बरं, पण या पानांसाठी Document च.

झेरॉक्सच्या दुकानात वही देऊ नका. ते पानाला पैसे घेतात, वही काचेवर दाबतात आणि हाती पुन्हा काळं-पांढरंच देतात.

आधी फक्त ३३ आणि ३६ पाठवा. पाठवण्यापूर्वी फोटो मोठा करून 'घाटांवर' मधलं टिंब दिसतंय का ते बघा. दिसत नसेल तर मलाही दिसणार नाही, तिथेच पुन्हा काढा.