इंटर्नशिपनंतर शिफारसपत्र मागताना मार्गदर्शकांना काय आठवून द्यावे

परदेशात आल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी १२ आठवड्यांची इंटर्नशिप केली आणि ती संपून १४ महिने झाल्यावर पीएचडीच्या अर्जांसाठी तिथल्या मार्गदर्शकांकडे शिफारसपत्र मागितले. विनंतीसोबत मी सीव्ही आणि स्टेटमेंट ऑफ पर्पज जोडले होते, त्यामुळे आणखी काही सांगण्याची गरज आहे असे मला वाटले नव्हते. त्यांनी आनंदाने होकार दिला, परंतु मी नेमक्या कोणत्या कामावर होते, असेही विचारले. मधल्या काळात त्यांच्या हाताखालून आणखी काही इंटर्न गेले होते, आणि माझ्या सीव्हीतील ‘डेटा विश्लेषण’ या शब्दांवरून त्यांना मी आठवणे शक्यच नव्हते.

सीव्ही समोर ठेवून लिहिलेले पत्र सीव्हीचीच पुनरुक्ती करते, आणि तो निवड समितीकडे आधीच असतो. समितीला मार्गदर्शकांकडून हवे असते ते त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले काहीतरी. म्हणून दुसऱ्या ईमेलमध्ये मी यशाची यादी न देता एकच प्रसंग एका पानात लिहिला.

इमारतींमधील वीजमापकांच्या नोंदी तपासण्याचे काम माझ्याकडे होते. आदल्या वर्षीच्या शरद ऋतूतील एका दिवसाचा वापर सर्वच इमारतींत अपेक्षेपेक्षा कमी दिसत होता, आणि मापक बिघडले असावेत असा निष्कर्ष मी घाईने सांगितला होता. तेव्हा मार्गदर्शकांनी विचारले होते, “सगळे मापक एकाच दिवशी कसे बिघडतील?” त्या प्रश्नामुळे मी पुन्हा शोध घेतला. इथे शरद ऋतूत घड्याळे एक तास मागे घेतात, म्हणून त्या रात्री स्थानिक वेळेचा एक तास दोनदा येतो; आमची प्रणाली नोंदी स्थानिक वेळेनुसार साठवत असल्याने दुसऱ्या वेळच्या नोंदी तिला पहिल्याच नोंदींच्या प्रती वाटल्या आणि तिने त्या गाळून टाकल्या. हे कारण सापडायला मला तीन दिवस लागले. माझी पहिली चूक मी ईमेलमध्ये लपवली नाही, कारण ती दुरुस्त होताना त्यांनी स्वतः पाहिली होती, आणि माणूस कसा शिकतो हे सांगण्यासाठी त्यांच्याकडे तेवढाच पुरावा होता.

त्याच पानावर कोणाचे काम किती, हेही मी स्पष्ट लिहिले. सर्व नोंदी यूटीसी या, घड्याळे मागे-पुढे केली तरी न बदलणाऱ्या, जागतिक प्रमाणवेळेत साठवण्याची सूचना एका सहकाऱ्याची होती. जुन्या नोंदींची तपासणी आणि त्यासाठीच्या चाचण्या माझ्या होत्या. असे विभाजन करून दिले की पत्र लिहिणाऱ्याला निःशंकपणे लिहिता येते, आणि न दिल्यास एक तर ते संदिग्ध लिहितात किंवा नकळत दुसऱ्याचे श्रेय आपल्याला देतात. अखेरच्या आढाव्यात त्यांनी माझ्याबद्दल जे लेखी मत दिले होते, त्यातील दोन वाक्येही मी जशीच्या तशी उतरवली, कारण स्वतःचे जुने शब्द वाचल्यावर आठवण चटकन जागी होते. मी लिहिलेल्या चाचण्या अजून वापरात आहेत का, याबद्दल मात्र मी दावा न करता त्यांनाच विचारले.

पत्राचा मसुदा मी पाठवला नाही. मार्गदर्शकांनी स्वतःहून मसुदा मागितला असता, तर तो द्यावा की नाही यावर मी नक्कीच विचार केला असता, परंतु आपल्याच भाषेत लिहिलेले पत्र आपल्या स्टेटमेंटसारखे वाटण्याचा धोका असतो.

एक गोष्ट मात्र मी आधीच विचारायला हवी होती. काही कंपन्या माजी कर्मचाऱ्यांबाबत केवळ पद आणि कामाच्या तारखा यांचीच अधिकृत पुष्टी करू देतात. त्यामुळे पत्र कंपनीच्या लेटरहेडवर मिळेल की वैयक्तिक, आणि कोणते तपशील गोपनीय आहेत, हे सुरुवातीलाच समजून घ्यावे. ग्राहकांची नावे मी त्या पानावर मुळीच लिहिली नव्हती, ते योग्यच ठरले.

उरलेली माहिती कोरडी असली तरी ती चुकली तर पत्र वेळेत पोहोचत नाही: इंटर्नशिपच्या तारखा, पासपोर्टवरील माझे पूर्ण नाव (ते मला टोपणनावानेच ओळखत होते), अर्जाचा विषय, प्रत्येक विद्यापीठाची अंतिम तारीख, आणि पत्र सादर करण्याची लिंक त्यांना विद्यापीठाकडून थेट ईमेलने येईल ही सूचना. ती लिंक कार्यालयीन पत्त्यावर मागवणे बरे, कारण काही विद्यापीठे वैयक्तिक ईमेल पत्ता स्वीकारत नाहीत. हे सर्व मी पहिल्या अंतिम तारखेच्या सहा आठवडे आधी पाठवले होते, आणि एक आठवडा उरला असताना पत्र आले नसल्याचे पोर्टलवर दिसले, तेव्हा केवळ विद्यापीठाचे नाव, तारीख आणि तेच एक पान पुन्हा पाठवले. दुसऱ्या दिवशी पोर्टलवर पत्र मिळाल्याची नोंद दिसली.