गेस्ट म्हणून आला आणि अ‍ॅग्रीमेंट मागायला लागला

मी नाशिकला लिव्ह अँड लायसन्स अ‍ॅग्रीमेंटची कामं करते, म्हणजे लॅपटॉप आणि थंब मशीन घेऊन लोकांच्या घरी जायचं, मालक-भाडेकरूचे फोटो, अंगठे घ्यायचे, ऑनलाईन रजिस्टर करायचं. परवा गंगापूर रोडला एका काकूंकडे गेले, फोनवर म्हणाल्या "साधं अकरा महिन्यांचं करायचंय गं, एका मुलाला बँकेत पत्त्याचा पुरावा पाहिजे." म्हटलं अर्ध्या तासाचं काम.

गेल्यावर कळलं की तो भाडेकरू नव्हताच. काकूंचा मुलगा परदेशी, त्याची खोली रिकामी, ती होमस्टेच्या ॲपवर दिवसाच्या रेटने देतात, त्र्यंबकला जाणारे नाहीतर वायनरी बघायला आलेले लोक दोन-तीन रात्री राहतात, सकाळी पोहे-चहा काकूंच्याच हातचा. हा मुलगा तसाच आला, मग इथेच नोकरी लागली म्हणून थांबला, ॲप सोडून थेट कॅश द्यायला लागला, रेट ठरला महिन्याचा, कागद कसलाच नाही. आणि दिवाळीत काकूंना खोली रिकामी हवी, कारण मुलगा येणार.

मी म्हटलं आधी खोली बघू. दाराला काकूंच्या लॅचशिवाय त्याचं स्वतःचं कुलूप. आत इंडक्शन, तांदळाचा डबा, कपड्यांचं रॅक. काकूंना विचारलं, सफाईला कोण जातं? "अगं आता नाही जात, तोच नको म्हणाला." नाश्ता? तोही बंद. तिथेच माझ्या पोटात गोळा आला, कारण गेस्ट आणि भाडेकरू यातला फरक दिवसांच्या संख्येपेक्षा याच गोष्टींवरून बघतात. मालकाची किल्ली चालते का, मालक आत येऊन चादरी बदलतो का, जेवणखाण-सफाई देतो का, की खोलीचा पूर्ण ताबाच समोरच्याकडे गेलाय. मालक राहतो त्याच घराचा भाग वापरायला दिला तर भाडे नियंत्रण कायद्यात पेइंग गेस्टची वेगळी व्याख्या आहे, पण ताबा असा सुटत गेला आणि लेखी काहीच नसलं की उद्या तो "मी भाडेकरूच" म्हणायला मोकळा.

काकू म्हणाल्या, "नाही निघाला तर लाईट बंद करीन." म्हटलं काकू तसं अजिबात नका करू, भाडेकरूचं पाणी-लाईट तोडायला याच कायद्यात मनाई आहे, उलट तुम्हीच अडकाल.

मग अकरा महिन्यांचा विषय. लोकांना वाटतं अकरा महिन्यांपर्यंत रजिस्टर करावं लागत नाही. ते एक वर्षाच्या वरच्या लीजच्या जुन्या नियमातून आलंय. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे दोन महिन्यांचं असलं तरी लेखी आणि रजिस्टर हवं, आणि ती जबाबदारी मालकाची. ते नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरलं जातं, मालकाने खोटं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे तो म्हणाला "मला दोन वर्षं राहायला सांगितलं होतं", तर काकूंनी पुरावा आणायचा!

उलट अकरा महिने लिहिले असते तर दिवाळीची तारीख गेलीच, कारण कलम २४ मध्ये लेखी अ‍ॅग्रीमेंटमधला मजकूर हाच निर्णायक पुरावा. पण त्याच कलमाचा मालकाला फायदा असा की मुदत संपून माणूस निघाला नाही तर अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि जास्तीच्या काळाचे पैसे ठरलेल्या लायसन्स फीच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट दराने.

मुलाला बोलावलं. तो आधी जरा तापला, "ताई सगळीकडे अकराच असतात, माझ्या मित्राचं पण तेच." म्हटलं दादा, तुला पत्त्याचा कागद पाहिजे ना, मग मुदत कमी असली तर काय बिघडतं, आणि संपल्यावर नवीन खोली बघ नाहीतर काकू राजी असतील तर पुढचं नवीन करू. शेवटी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यापर्यंतचं करायचं ठरलं. खोलीचं वर्णन, बाथरूम कॉमन, काकूंकडे एक किल्ली राहणार, डिपॉझिट किती आणि कधी परत, सगळं लिहिलं. स्टँप ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का (डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून), महापालिका हद्द म्हणून नोंदणी फी १००० रुपये. सगळं मिळून एका रात्रीच्या भाड्यापेक्षा थोडंसंच जास्त, आणि काकू एवढ्यासाठी घाबरत होत्या!

शेजारच्या दोघांना साक्षीला बोलावलं, थंब झाले. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची ते पण लगेच भरून टाकलं, आणि तेवढ्या तारखांना ॲपवरचं कॅलेंडर ब्लॉक करून घेतलं.

निघताना काकू म्हणाल्या मग दोन रात्रीवाल्यांना पण हेच करू का. अजिबात नको, त्यांना नोंदवही पुरे. नाव, ओळखपत्राची कॉपी, येण्या-जाण्याची तारीख-वेळ, रात्रीचा रेट, सही. परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाईन भरायची. आणि पाहुणा स्वतःचं कुलूप आणतो म्हणाला की त्याला तिथेच नाही म्हणायचं.