अंडं फुटलं की आधी तडा कुठे गेलाय ते बघा

मी घरगुती डबे देते. अंडाकरीच्या दिवशी दोन डझन अंडी एकदम उकडावी लागतात आणि फुटलेलं अंडं डब्यात घालणं मला पटत नाही. म्हणून फुटलेली अंडी मी नीट निरखायला लागले. काहींना तडा रुंद टोकाला असायचा, तर काहींना कुशीला. ही दोन्ही दुखणी वेगळी आहेत.

रुंद टोकाला कवचाच्या आत हवेची पोकळी असते. गार अंडं उकळत्या पाण्यात सोडलं की ती हवा झपाट्याने फुगते. कवचाला बारीक छिद्रं असतात, पण हवा तेवढ्या वेगाने त्यांतून निसटू शकत नाही. मग कवच तिथेच तडकतं आणि पांढऱ्याची दोरी बाहेर लोंबते.

यावर मी टाचणीने रुंद टोकाला भोक पाडते. टाचणी हाताने फिरवत फक्त कवचापुरतीच घालायची, खोल नाही. जोर लावला तर भोकाभोवती चीर जाते आणि अंडं तिथूनच फुटतं. भोक नीट पडलं असेल तर पाण्यात सोडताच त्यातून बुडबुड्यांची माळ निघते. टोकाचे तडे यामुळे माझ्याकडे बरेच कमी झाले. कुशीचे मात्र तसेच राहिले.

गार पाण्यापासून सुरुवात केली तर हवेला निघायला सवड मिळते, भोकाची तितकी गरजही उरत नाही. पण त्या अंड्यांचं कवच पांढऱ्याला चिकटून बसतं, आणि करीसाठी अंडं गुळगुळीत सोललं जायला हवं. म्हणून मी गरम पाणीच वापरते. अंडी फ्रिजमधून आधीच काढून ठेवते, पाण्याला उकळी आली की आच कमी करते आणि झाऱ्याने एकेक अंडं तळाशी टेकवते.

कुशीचे तडे पातेल्यामुळे जात होते. मोठ्या पातेल्यात मोकळी जागा असली की खळखळ उकळीत अंडी एकमेकांवर आदळतात. लहान, उंच पातेल्यात ती थरावर थर बसतात. शिवाय तिथे पाणी थोडं असल्याने अंडी घालताच ते निवतं, मग आपण आच वाढवतो आणि पुन्हा तीच खळखळ सुरू होते. आता मी दोन पसरट पातेली घेते. प्रत्येकात अंड्यांचा एकच थर, शेजारी शेजारी, फिरायला जागा नाही, आणि वर बोटभर पाणी. बारीक बुडबुडे येत राहतील एवढ्याच आचेवर बारा मिनिटं ठेवते.

एवढं करूनही एखादं फुटतंच, कारण त्याला दुकानातूनच केसाएवढी चीर गेलेली असते. दोन अंडी हलकेच एकमेकांवर टिचकवली की चांगल्यांचा आवाज टणक येतो, चीर असेल तर बद्द. तसं अंडं मी उकडायला घेतच नाही. ते त्याच दिवशी फोडून भुर्जीत पूर्ण शिजवून घेते.