तुम्ही विचारलंत म्हणून: सीसी स्वस्त की बिल डिस्काउंटिंग

"सीसीला साडेदहा टक्के, बिल डिस्काउंटिंगला बारा. फरक दीड टक्क्याचा. मग एवढी कटकट कशाला करता? जे आधी मिळेल ते घ्यायचं!"

हे मला पार्टीवाले विचारतात, शेजारच्या गाळ्यातले विचारतात, घरातलेही विचारतात. प्रत्येकाला दोन वाक्यांत काहीतरी सांगून वाटेला लावलंय. आता एकदाच सविस्तर सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी हेच वाचायला देता येईल.

आधी सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट खात्याचं बघू: लिमिटपर्यंत लागेल तसे उचलायचे, वापरलेल्या रकमेवर व्याज द्यायचं. पन्नास लाखांचं लिमिट, व्याज साडेदहा. बँक व्याज दर महिन्याला खात्यात टाकते, त्यामुळे व्याजावर व्याज चढून वर्षाचा खरा दर ११.०२ होतो. तेवढ्यावर भागत नाही. दर वर्षी रिन्यूअलची प्रोसेसिंग फी पंचवीस हजार, इन्स्पेक्शन आणि स्टॉक ऑडिटचे मिळून वीस हजार. (जीएसटी मी यात धरत नाही, त्याचं क्रेडिट मिळतं. स्टॉकचा विमाही धरत नाही, तो बँक नसती तरी काढलाच असता.) हे पंचेचाळीस हजार लिमिटवर लागतात, वापरावर नाही. वर्षभर सरासरी अडतीस लाख वापरले तर या फीचा बोजा १.१८ टक्के पडतो आणि सीसी साधारण १२.२ ला जाते. सरासरी बाराच लाख वापरले तर तोच बोजा पावणेचार टक्के होतो आणि सीसी पावणेपंधराला पडते. मंजुरीपत्रावरचा दर दोन्हीकडे साडेदहाच!

आता डिस्काउंटिंग, म्हणजे पार्टीकडून यायच्या बिलावर फायनान्सवाल्याकडून आधीच पैसे घेणं. पाच लाखांचं बिल, पैसे यायला पंचेचाळीस दिवस. फायनान्सवाला ऐंशी टक्के म्हणजे चार लाख देतो, उरलेला लाख पार्टीचे पैसे आल्यावर. चार लाखांवर बारा टक्क्यांनी पंचेचाळीस दिवसांचं व्याज ५,९१८ रुपये, तेही आधीच कापून. त्यावर फी अर्धा टक्का. ही फी मात्र ॲडव्हान्सवर नसून पूर्ण बिलावर, म्हणजे अडीच हजार. एकूण खर्च ८,४१८, हातात आले ३,९१,५८२. पंचेचाळीस दिवसांत २.१५ टक्के गेले. वर्षाचा साधा दर काढला तर १७.४, आणि वर्षभर एकामागून एक बिलं अशीच फिरवलीत तर चक्रवाढीने १८.८. यात ना कोणी खोटं बोललं, ना काही लपवलं. बारा टक्के बाराच आहेत. पण अडीच हजारांची फी एकदाच लागते आणि ती पंचेचाळीस दिवसांत वसूल होते. नव्वद दिवसांच्या बिलावर हाच हिशोब चक्रवाढीने सोळाच्या आसपास येतो, तीस दिवसांच्या बिलावर बावीसच्या जवळ. म्हणजे जी पार्टी लवकर पैसे देते तिचं बिल डिस्काउंट करणं सगळ्यात महाग. हे ऐकून लोक माझ्याकडे संशयाने बघतात. बघू देत.

"पण रुपयांत बघा ना, आठ हजारच गेले," असं एकजण म्हणाला होता. बरोबर आहे त्याचं. वर्षातून एकदाच अडला असाल तर १८.८ च्या आकड्याला घाबरू नका, आठ हजार द्या आणि मोकळे व्हा. वरच्या फीमध्ये पन्नास लाखांची सीसी डिस्काउंटिंगपेक्षा महाग तेव्हाच पडते, जेव्हा वर्षाचा सरासरी वापर पावणेसहा लाखांच्या खाली जातो. ज्यांचा धंदा वर्षातून दोनतीन महिनेच चालतो, त्यांनी हा आकडा स्वतःच्या फीवर जरूर काढून बघावा. माझा वापर त्याच्या कितीतरी वर आहे. तरी मी डिस्काउंटिंग का करतो, आणि केल्यावर का चिडतो, ते सांगायला मला त्या महिन्यात जावं लागेल.

स्टॉक आणि येण्यांच्या जोरावर प्रत्यक्षात किती उचलता येईल, त्या आकड्याला ड्रॉइंग पॉवर किंवा डीपी म्हणतात. बँक माझी डीपी अशी काढते: देणी वजा जाता उरलेल्या स्टॉकच्या पंच्याहत्तर टक्के, आणि नव्वद दिवसांच्या आतल्या येण्यांच्या साठ टक्के. त्या महिन्यापर्यंत स्टॉक चोवीस लाख, येणी चाळीस लाख, म्हणजे डीपी अठरा अधिक चोवीस, बेचाळीस लाख. खात्यात उचल एकोणचाळीस. सगळं सुरळीत. मग एका मोठ्या पार्टीच्या स्टोअरने वजन कमी भरल्याचं काढलं आणि पंधरा लाखांच्या बिलांचं जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पोच, अडकवून ठेवलं. माल त्यांनी वापरला होता, हे मला त्यांच्याच शॉपमधल्या माणसाने सांगितलं. पण कागदावर बिलं लटकली आणि लटकता लटकता नव्वद दिवस ओलांडून गेली.

पाच तारखेला स्टॉक स्टेटमेंट भरलं. चाळीसची येणी पंचवीस झाली. डीपी बेचाळीसवरून तेहेतीस. उचल एकोणचाळीसच. म्हणजे मी एक रुपयाही जास्त न उचलता सहा लाखांनी ओव्हर झालो. सात तारखेला पगार, चार लाखांचे.

बँकेत गेलो. साहेब म्हणाले, "डीपी मी ठरवत नाही, तुमचं स्टेटमेंट ठरवतं." ते खरंच होतं, म्हणून जास्त राग आला. मग दुसऱ्या, चांगल्या पार्टीचं पाच लाखांचं बिल घेऊन एका फायनान्स कंपनीकडे गेलो. त्यांनी पहिलंच विचारलं, "बँकेची एनओसी?" कारण माझ्या सगळ्या येण्यांवर बँकेचं हायपोथिकेशन, म्हणजे तारण आहे, ते बिल माझं एकट्याचं नाहीच. बँकेने एनओसी दिली, दोन अटींवर. पैसे सीसी खात्यातच यायला हवेत, आणि ते बिल पुढच्या स्टेटमेंटमधून वगळायचं.

सहा तारखेला संध्याकाळी ३,९१,१३२ रुपये जमा झाले. (मघाच्या आकड्यापेक्षा साडेचारशे कमी, तो फीवरचा जीएसटी.) उचल पस्तीस लाखांवर आली. डीपी तेहेतीस. पगाराची फाइल टाकली, परत आली. पुन्हा टाकली. पैसे आले होते, पण खात्याने ते गिळले, आणि अजूनही मी दोन लाखांनी ओव्हर होतो. ते बिल वगळल्यावर डीपी आणखी तीन लाखांनी खाली, तीसवर जाणार होती. म्हणजे इतका खटाटोप करून सहा लाखांचा खड्डा पाच लाखांचा झाला.

पगार शेवटी घरच्या एफडीवर ओव्हरड्राफ्ट काढून केले. आमच्याकडे तो दर ऐकून हसतात: एफडीच्या व्याजावर एक टक्का जास्त, सगळ्यात स्वस्त पैसा घरातच पडला होता. तो आधी का नाही काढला, असं मला विचारू नका. ती एफडी धंद्याची नव्हती, एवढंच सांगतो.

त्या रात्री जो हिशोब केला, तो मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण मान हलवून पुन्हा साडेदहा विरुद्ध बारा करतो. पाच लाखांचं ते बिल सीसीत पडून असताना मला तीन लाखांची डीपी देत होतंच. डिस्काउंट केल्यावर ती गेली. म्हणजे नवे पैसे मिळाले फक्त ९१,५८२. खर्च ८,४१८, त्यातून तीन लाखांवर सीसीचं वाचलेलं व्याज ३,८८४ वजा करा, उरले ४,५३४. एक्क्याण्णव हजारांसाठी पंचेचाळीस दिवसांना साडेचार हजार. वर्षाचा साधा दर चाळीस टक्के!

१७.४ चा दरही खरा आणि चाळीसचाही खरा. फरक एकाच गोष्टीने पडतो: तुम्हाला अडवतंय कोण, लिमिट की डीपी? येणी इतकी आहेत की डीपी साठ लाख निघते आणि लिमिट पन्नासचं आहे, तर वरची बिलं बँकेसाठी तशीही निरुपयोगी. ती डिस्काउंट करा, सतराच्या आसपासच पडतील. पण डीपीच लिमिटच्या खाली असेल तर तुम्ही एका खिशातले पैसे काढून दुसऱ्यात टाकताय, आणि मधल्या माणसाला फी देताय. हे ओळखायला फार काही लागत नाही. मागच्या स्टेटमेंटवरचा डीपीचा आकडा आणि मंजुरीपत्रावरचं लिमिट शेजारी ठेवा. लहान असेल तो तुमचा खरा आकडा.

"म्हणजे डिस्काउंटिंग वाईटच?" तसंही नाही. ट्रेड्सवर, म्हणजे बँका आणि फायनान्सवाले जिथे बिलांवर बोली लावतात त्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर, हेच बिल लावलं असतं तर? तिथे पार्टी बिल मान्य करते, बोली पार्टीची पत बघून लागते, आणि पार्टीने पैसे बुडवले तरी वसुली माझ्याकडे येत नाही. समजा पूर्ण पाच लाखांवर नऊ टक्के आणि प्लॅटफॉर्मचं शुल्क पाचशे. हातात ४,९३,९५२. डीपीचे तीन लाख इथेही जातात, तरी नवे १,९३,९५२ उरतात आणि जास्तीचा खर्च २,१६४. वर्षाला नऊ टक्के. तेच बिल, तोच महिना, तीच बँक. एकीकडे चाळीस, दुसरीकडे नऊ.

मग सगळी बिलं तिथेच का नाही लावत? अडीचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत ट्रेड्सवर नोंदणी करणं सरकारने बंधनकारक केलं होतं. नोंदणी झाली की बिलं मान्य होतातच असं मात्र नाही. माझ्या दोन पार्ट्या नोंदलेल्या आहेत. एक बिल चारपाच दिवसांत मान्य करते. दुसरी पंचवीस दिवस लावते, तोवर राहतात वीस, आणि वीस दिवसांसाठी एवढा कागदोपत्री व्याप करण्यात अर्थ नसतो. आणि जिने वजनाचं काढलं होतं, ती तिसरी पार्टी. तिचे पैसे आले शेवटी, डेबिट नोट कापून.

आता रिन्यूअल आलंय. मी येण्यांवरची मार्जिन, म्हणजे डीपी काढताना बँक सोडून देते तो टक्का, चाळीसवरून पंचवीसवर आणायला सांगितलीय. बँक तयार आहे, पण प्रोसेसिंग फी वाढवून मागतेय. सीए म्हणतो, त्यापेक्षा लिमिटच पस्तीसवर आणा, फी वाचेल आणि बाकीचं ट्रेड्सवर भागवा. मी म्हणतो, ट्रेड्स पार्टीच्या मर्जीवर चालतं, आणि पुन्हा कोणाचं स्टोअर वजनाला आडवं गेलं तर? तो म्हणतो, तेव्हा पन्नासचं लिमिट होतं, काय उपयोग झाला? याला माझ्याकडे उत्तर नाही. फॉर्म अजून टेबलावर आहे, आकड्याची जागा कोरी.